ग्राहकाने वेळ बदलली आणि तुम्ही नुसता अंगठा पाठवला? मग काम अर्धंच झालं

या आठवड्याच्या व्हिडिओत मी व्हॉट्सॲपवरच्या एका उत्तराबद्दल बोलले होते. वेळ कमी होता, म्हणून सविस्तर इथे लिहिते.

ग्राहकाचा मेसेज येतो, "ताई, गुरुवारी नाही जमणार, शनिवारी चालेल का?" आपण काउंटरवर दुसऱ्या ग्राहकाला कापड दाखवत असतो. एका हाताने अंगठ्याची इमोजी पाठवतो आणि विषय संपला असं समजतो. माझं मत स्पष्ट आहे. वेळ बदलायला "ओके" हे उत्तरच नाही. नवी वेळ मान्य करायची आणि कामाचा सगळा तपशील त्याच मेसेजमध्ये पुन्हा लिहायचा. तो आधी दहा वेळा बोलून झालेला असला, तरी पुन्हा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझं पडद्यांचं दुकान आहे आणि हा धडा मला त्याच दुकानात मिळाला.

एका ताईंच्या नवीन फ्लॅटचे पडदे आमच्याकडे शिवायला होते. हॉल आणि दोन बेडरूम. फिटिंग ठरलं गुरुवारी सकाळी अकराला. सोमवारी त्यांचा फोन आला, "अकरा ऐवजी चारला या ना." मी "बरं" म्हटलं, पण दुकानात गर्दी होती, डायरीत बदल केला नाही. मंगळवारी संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, "ताई, गुरुवारी ऑफिसला सुट्टी नाही मिळत. शनिवारी करूया का? त्याच वेळेला." मी अंगठा पाठवला.

आता सांगा, "त्याच वेळेला" म्हणजे किती वाजता? त्यांच्या डोक्यात चार, माझ्या डायरीत अकरा. मेसेज एकच, दोघींनी वाचला, दोघींना पटला, पण प्रत्येकीने वेगळा अर्थ लावला.

शनिवारी अकराला माझा फिटर आणि त्याचा मदतनीस शिडी, ड्रिल, रॉड घेऊन पोचले. दाराला कुलूप. ताई ऑफिसात, फोन सायलेंटवर. दीड तास थांबून दोघं परत आले. मग ताईंचा फोन आला, "अहो, मी चारला म्हटलं होतं." ठीक आहे, चारला पुन्हा पाठवलं. या वेळी गेटवरच अडवलं. त्या सोसायटीत शनिवारी दुपारी दोननंतर ड्रिल चालवायला बंदी होती आणि रविवारी तर पूर्ण बंदी. रविवारी सकाळी त्यांची वास्तुशांत होती. पाहुणे आले तेव्हा खिडक्यांना जुन्या चादरी लावलेल्या होत्या.

दोन माणसांचा दिवस वाया गेला, ते पैसे मी भरले. पण खरा फटका तो नव्हता. ताई माझ्यावर एका शब्दानेही चिडल्या नाहीत. सोमवारी फिटिंग करून घेतलं, पैसे दिले. त्यांच्या बहिणीच्या घराची ऑर्डर आमच्याकडे येणार होती, तिचा विषय मात्र त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. चिडलेल्या ग्राहकाला समजावता येतं. गप्प बसलेल्या ग्राहकाला काय समजावणार?

आता बघा, मंगळवारी अंगठ्याऐवजी मी काय लिहायला हवं होतं:

"हो ताई, शनिवार चालेल.
शनिवार १४ जून, सकाळी ११ वाजता.
पत्ता: नवीन फ्लॅट, बी विंग, ५०४.
काम: हॉल आणि दोन बेडरूमचे रॉड बसवून पडदे लावणे. ड्रिल लागेल. साधारण ३ तास.
आमच्याकडून फिटर आणि एक मदतनीस येतील.
तुमच्याकडून: घरी कुणीतरी हवं, लाइट चालू हवी, गेटवर सांगून ठेवा.
बाकी रक्कम ६,५०० रुपये, काम झाल्यावर.
गुरुवार १२ जूनची वेळ रद्द केली आहे.
वेळ आणि पत्ता बरोबर असेल तर 'हो' लिहून पाठवा."

नऊ ओळी आहेत, वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही. यात काय घडलं असतं ते बघा. दुसरी ओळ वाचताच ताईंनी लिहिलं असतं, "अकरा नाही, चार म्हणत होते मी." म्हणजे चूक मंगळवारीच सापडली असती, शनिवारी कुलपासमोर नाही. आणि "ड्रिल लागेल, ३ तास" हे वाचून त्यांनी सोसायटीत विचारलं असतं. म्हणून मी म्हणते, तपशील पुन्हा लिहिणं म्हणजे नुसती आठवण करून देणं नाही. समोरच्याला चूक पकडायची ती शेवटची संधी असते.

या मेसेजमधल्या चार गोष्टी नीट समजून घ्या.

पहिली ओळ होकाराची. ग्राहकाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी द्या. त्याला थोडा संकोच असतो की आपण वेळ बदलायला लावतोय. "हो, चालेल" वाचलं की तो निवांत होतो आणि पुढचं लक्ष देऊन वाचतो. मागच्या वेळेबद्दल टोमणा नको. "आता तरी नक्की ना?" असं तर अजिबात लिहू नका.

दुसरी, वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, आणि वेळेच्या आधी सकाळी की संध्याकाळी तेही. वार आणि तारीख जुळले नाहीत तर चूक लगेच दिसते. एकटा "शनिवार" लिहिला तर हा की पुढचा, हा प्रश्न उरतोच. "उद्या" आणि "परवा" हे शब्द मी कामाच्या मेसेजमधून काढूनच टाकलेत. ग्राहकाने रात्री पावणेबाराला लिहिलेलं "उद्या" तुम्ही सकाळी सातला वाचता, तेव्हा त्याचा "उद्या" म्हणजे तुमचा "आज" असतो. "परवा" तर आपल्या मराठीत मागेही जातो आणि पुढेही.

तिसरी, जुनी वेळ रद्द झाली हे शब्दांत लिहायचं. ही ओळ बहुतेक जण सोडतात. मग घरातल्या दुसऱ्या माणसाला वाटतं की गुरुवारीही कुणी येणार आहे आणि शनिवारीही. नवरा सुट्टी टाकून घरी बसतो आणि संध्याकाळी तुम्हाला फोन येतो.

चौथी, शेवटी एकच सोपी मागणी: 'हो' लिहून पाठवा. निळ्या टिकचा अर्थ मेसेज उघडला एवढाच. मान्य आहे असा नाही. आदल्या दिवसापर्यंत 'हो' आलं नाही, तर फोन करा. आणि फोनवर काही बदललं, तर फोन ठेवल्यावर तेच लिहून पाठवा. माझी सोमवारची चूक नेमकी हीच होती.

समजा ताईंनी कळवलं, "ड्रिल दोनपर्यंतच चालतं, मग सकाळी दहाला या, माझा भाऊ घरी असेल." आता "ओके, १०" एवढंच लिहायचा मोह होतो. तसं करू नका. पूर्ण मेसेज कॉपी करा, वेळ १० करा, घरी भाऊ असेल हे जोडा आणि परत पाठवा. नाहीतर वेळ एका मेसेजमध्ये, पत्ता दुसऱ्यात, भावाची गोष्ट तिसऱ्यात अशी सगळी माहिती विखुरते. नियम साधा ठेवा: शेवटचा मेसेज एकटा वाचला तरी पूर्ण काम कळलं पाहिजे. आणि जुना मेसेज एडिट करून वेळ बदलू नका, नवाच पाठवा. एडिट केलेला मेसेज वर जुन्या जागीच राहतो, समोरच्याच्या नजरेतून सहज सुटतो.

ग्राहकाचं 'हो' आलं की दुकानातलं काम सुरू होतं. तोच मेसेज फिटरला फॉरवर्ड करायचा, आपल्या शब्दांत नव्याने लिहायचा नाही. नव्याने लिहिताना ११ चे १२ होतात. डायरीत शनिवारी नोंद करायची आणि गुरुवारची नोंद खोडायची. नुसती नवी लिहिली आणि जुनी तशीच ठेवली, तर गुरुवारची ती तीन तासांची जागा तुम्ही दुसऱ्या ग्राहकाला देणारच नाही, कारण डायरीत ती भरलेली दिसते.

आता एक सावधगिरी. फिटरला विचारल्याशिवाय "हो, चालेल" लिहू नका. मी असं लिहिते: "ताई, शनिवारचं फिटरला विचारून आज संध्याकाळी ६ पर्यंत कळवते. तोपर्यंत गुरुवारची वेळ तशीच धरा." शनिवार जमत नसेल, तर नुसता नकार न देता दोन पर्याय तारखेसकट द्यायचे. घाईत दिलेला होकार मागे घेणं हे वेळ बदलण्यापेक्षा वाईट.

क्लासमध्ये मला नेहमी दोन प्रश्न येतात. पहिला, "मॅडम, एवढं लिहिलं तर फार सरकारी वाटत नाही का?" नाही वाटत. नोटिशीसारखी भाषा असेल तर वाटतं. "हो ताई" ने सुरू झालेला मेसेज कुणालाही सरकारी वाटत नाही. दुसरा, "नेहमीच्या ग्राहकालाही पाठवायचं का?" त्यालाच आधी पाठवा. ओळखीत आपण जास्त गृहीत धरतो, "नेहमीसारखं" म्हणून सोडून देतो.

हं, प्रत्येक ठिकाणी नऊ ओळी नकोत. कुणी फक्त कापड बघायला दुकानात येणार असेल, तर वार-तारीख, वेळ आणि काय बघणार, एवढ्या दोन ओळी पुरेत. माझं मोजमाप असं आहे: चुकलं तर कुणाची फेरी किंवा दिवस वाया जाणार असेल, तर पूर्ण मेसेज.

काही जण म्हणतात, वेळ ग्राहकाने बदलली, मग तपशील त्यानेच लिहावा. बरोबर आहे, पण मजुरी तुम्ही भरता, आणि शिडी-ड्रिल घेऊन कुलपासमोर तुमची माणसं उभी राहतात. ज्याचं नुकसान जास्त, त्याने लिहावं.

आज एक करा. फोन उघडा आणि मागच्या महिन्यात वेळ बदलून मागणारे ग्राहकांचे मेसेज शोधा. त्याखाली तुमचं उत्तर काय आहे ते बघा. त्यातलं एखादं काम अजून व्हायचं असेल आणि तिथे नुसता अंगठा दिसत असेल, तर त्या ग्राहकाला आत्ताच पूर्ण मेसेज पाठवा.