पोहोचल्याचा निरोप फोनच पाठवतो तेव्हा

इगतपुरीहून रोज गाडीने नाशिकला शिकायला किंवा नोकरीला जाणारी मुले-मुली अनेक घरांत आहेत. इगतपुरी ते नाशिक रोड हे अंतर रेल्वेने सुमारे 50 किलोमीटर. सकाळी लेक घराबाहेर पडली की अम्मीचे एकच सांगणे असते, "पोहोचलीस की कळव हं!" आणि गाडीतून उतरणे, रिक्षा पकडणे, वर्गात धावणे या गडबडीत नेमके तेवढेच राहून जाते. आयफोन असेल तर हा निरोप फोन आपणहून पाठवू शकतो. मात्र तो न आल्यास काय समजायचे, हे आधी ठरवले नाही तर सोयीपेक्षा घोरच जास्त लागेल. म्हणून या वेळी आधी रीत पाहू आणि मग तिच्या मर्यादा.

आयफोनमध्ये Shortcuts नावाचे ॲप आधीपासूनच असते. ते उघडून खालच्या Automation वर जा, + दाबा आणि यादीतून Arrive निवडा. Arrive म्हणजे ठिकाणी पोहोचल्यावर, Leave म्हणजे तेथून निघाल्यावर. Location मध्ये लेकीच्या कॉलेजचा पत्ता शोधा. नकाशावर त्या जागेभोवती एक वर्तुळ दिसेल. फोन या वर्तुळात शिरला की काम सुरू होते. त्याखाली Any Time आणि Time Range असे दोन पर्याय आहेत, त्यांच्याकडे नंतर येऊ. मग Run Immediately निवडा. ही सोय ठिकाणाच्या बाबतीत आयओएस 17 पासून मिळाली. त्याआधी फोन फक्त सूचना दाखवायचा आणि ती दाबल्याशिवाय निरोप जात नसे, म्हणजे विसराळू माणसासाठी सगळे मुसळ केरात!

पुढे Next दाबून New Blank Automation घ्या आणि Send Message ही क्रिया जोडा. मजकूर लिहा, "अम्मी, कॉलेजला पोहोचले." Recipients मध्ये अम्मीचा नंबर निवडा. त्याच क्रियेच्या बाणावर दाबल्यावर Show When Run दिसते, ते बंद करा. ते चालू राहिले तर निरोप तयार होऊन पडद्यावर थांबतो आणि कोणीतरी पाठवा म्हणेपर्यंत जात नाही. अम्मीकडे आयफोन नसला तरी चालते, तिला साधा एसएमएस जातो. एसएमएस आपल्या प्लॅनमध्ये आहेत ना, एवढे पाहून घ्या. आणखी एक उपयोगी भर आहे. Send Message च्या आधी Get Battery Level ही क्रिया ठेवून तो आकडा मजकुरात घातला, तर "पोहोचले, बॅटरी 35" असा निरोप येतो. दुपारी फोन लागला नाही, तर तो बंद का पडला असेल याचा अंदाज अम्मीला घरबसल्या येतो.

आता वर्तुळाविषयी. फोन दर क्षणाला आपली जागा मोजत नाही, तसे केले तर बॅटरी दुपारपर्यंत संपेल. मोबाईलचे टॉवर, आसपासचे वायफाय आणि जीपीएस यांच्या मदतीने तो हद्द ओलांडल्याचा अंदाज घेतो. त्यामुळे निरोप काही मिनिटे उशिरा येणे स्वाभाविक आहे. वर्तुळ 100 मीटरहून लहान ठेवण्यात अर्थ नाही. कॉलेजसाठी 200 मीटरच्या आसपास ठीक.

ते फार मोठेही नको. इगतपुरी लहान गाव, बऱ्याच जणांचे घर स्टेशनपासून चालत जाण्याइतके जवळ. घर स्टेशनच्या वर्तुळातच आले, तर सकाळी घरून स्टेशनवर जाताना हद्द ओलांडलीच जात नाही, मग निरोप कुठला? आणि दोन वर्तुळे एकमेकांवर चढली, तर संध्याकाळी "स्टेशनवर पोहोचले" आणि "घरी पोहोचले" हे दोन्ही निरोप एकदमच येतील. तेव्हा इगतपुरीत दोन्हींपैकी एकच ठेवा.

स्टेशनच्या वर्तुळात आणखी एक गोम आहे. कसाऱ्याहून घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून जोर लावणारी जादा इंजिने जोडतात आणि ती इगतपुरीला काढतात, म्हणून गाडी तिथे थांबते. मुंबईहून नाशिकला निघालेले अब्बा गाडीत झोपलेले असले तरी "इगतपुरीला पोहोचलो" हा निरोप जाईल. फोन वर्तुळात आला एवढेच यंत्राला कळते, माणूस उतरला की नाही हे कळत नाही. निरोप फोनचा असतो, माणसाचा नव्हे, हे घरातल्या सर्वांनी ध्यानात ठेवावे.

आता वेळेकडे येऊ. Time Range मध्ये सकाळी 8 ते 10 असे लिहिले, तर त्या वेळात हद्द ओलांडली तरच निरोप जातो. हे सोयीचे वाटते, कारण जेवणाच्या सुटीत बाहेर जाऊन परत आल्यावर पुन्हा निरोप जात नाही. पण पावसाळ्यात गाडी रखडली आणि लेक 10 वाजून 20 मिनिटांनी पोहोचली, तर फोन गप्प बसेल. म्हणजे ज्या दिवशी अम्मीच्या जिवाला खरा घोर, नेमका त्याच दिवशी निरोप नाही! म्हणून वेळ ऐसपैस ठेवा, 8 ते 1. एखादा निरोप जास्त आला तर बिघडत नाही.

निरोप न येण्याची कारणे इतरही आहेत. बॅटरी संपली, रेंज नाही, लोकेशन बंद आहे, किंवा फोन बंद करून पुन्हा चालू केला आणि एकदाही कुलूप उघडले नाही. यातले एकही कारण लेक संकटात असल्याचे सांगत नाही, आणि ती सुखरूप असल्याचेही सांगत नाही. निरोपाच्या नसण्याला काहीच अर्थ नाही. तेव्हा घरात एक नियम करा: ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास वाट पाहायची, गाडी किती उशिरा आहे ते पाहायचे आणि मग फोन लावायचा. दोघींकडे आयओएस 17 किंवा पुढचा आयफोन असेल, तर मेसेजमधली Check In ही सोय एकट्याच्या रात्रीच्या प्रवासाला अधिक योग्य. माणूस वेळेत पोहोचला नाही तर ती आधी त्यालाच विचारते आणि उत्तर न आल्यास घरच्यांना कळवते. पण ती प्रत्येक प्रवासाला हाताने सुरू करावी लागते.

सुरुवातीला Send Message ची क्रिया हाताने चालवून निरोप नीट जातो का पाहा. मात्र त्याने वर्तुळाची परीक्षा होत नाही. त्यासाठी पहिला आठवडाभर लेकीने नेहमीप्रमाणे हातानेही कळवावे आणि दोन्ही निरोपांच्या वेळा ताडून पाहाव्यात. रोज दहा मिनिटांचा फरक पडत असेल तर तो धरून चाला. एखाद्या दिवशी निरोप आलाच नाही, तर वर्तुळ थोडे वाढवा आणि Settings मध्ये Shortcuts ला लोकेशनची परवानगी व Precise Location चालू आहे का ते तपासा.

शेवटची गोष्ट नात्याची. ही मांडणी जाणाऱ्याच्या फोनवर होते आणि निरोप त्याच्याच नावाने जातो. म्हणून ती लेकीने स्वतः, अम्मीसमोर बसून करावी. कोणती ठिकाणे कळवायची आणि कोणती नाही, हे तिनेच ठरवावे. तिला न विचारता कोणी तिच्या फोनवर असे काही लावून ठेवले, तर ती पाळत झाली. आणि ते लक्षात आल्यावर ती फोनचे लोकेशनच बंद करून ठेवील, मग निरोपही नाही आणि विश्वासही नाही.