हप्ता कमी होणार, पण कुणाचा?

6 जून 2025. रिझर्व्ह बँकेने रेपो दर सहावरून साडेपाच टक्क्यांवर आणला आणि तासाभरात सगळीकडे एकच हेडलाईन: 'गृहकर्ज स्वस्त, ईएमआय घटणार!' सोबत 50 लाखांच्या कर्जाचा तक्ता. 20 वर्षं, दर साडेआठवरून आठ, हप्ता 43,391 वरून 41,822. म्हणजे महिन्याला 1,569 रुपये वाचले. संपली बातमी.

माझा आक्षेप असा की ही बातमीच नाही, हे नुसतं गणित आहे. आणि तेही अर्धवट!

एक तर दर आपल्यापर्यंत कधी पोचणार हे कर्ज कुठलं त्यावर ठरतं. बँकेचं 1 ऑक्टोबर 2019 नंतरचं फ्लोटिंग गृहकर्ज असेल तर ते बाहेरच्या दराला, बहुतेक वेळा रेपोलाच, बांधलेलं असतं आणि किमान तीन महिन्यांतून एकदा रीसेट होतं. जुनं एमसीएलआरवालं असेल तर पुढच्या रीसेटपर्यंत, कधीकधी वर्षभर, बसा वाट बघत. आणि हाउसिंग फायनान्स कंपनीचं असेल तर तिला रेपोशी बांधून घेण्याची सक्तीच नाही. एवढे इफ-एल्स गाळून कुणी प्रोग्राम लिहिला तर टेस्टिंगवाले दारात उभं करणार नाहीत.

दुसरं म्हणजे, दर उतरला की बऱ्याचदा बँक हप्ता तोच ठेवते आणि मुदत कमी करते. लोक बिचारे हप्ता का घटला नाही म्हणून वैतागतात. पण वरच्याच उदाहरणात हप्ता 43,391 च ठेवला तर कर्ज 240 ऐवजी साधारण 220 महिन्यांत फिटतं. वीस हप्ते वाचले, म्हणजे जवळपास पावणेनऊ लाख. हप्ता कमी करून घेतला तर 20 वर्षांत वाचतात पावणेचार लाखांच्या आसपास. रीसेटच्या वेळी हा पर्याय ग्राहकाला द्या, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्येच बँकांना बजावलंय. खरी बातमी ही, आणि नेमकी हीच छापत नाहीत.

आता आई-बाबांची बाजू. चालू एफडीचा दर मुदत संपेपर्यंत हलत नाही, फटका बसतो तो नूतनीकरणाला. दहा लाखांवर सातऐवजी साडेसहा मिळाले तर वर्षाला 5,000 रुपये कमी. पीपीएफचा दर मात्र रिझर्व्ह बँक ठरवत नाही, सरकार दर तिमाहीला जाहीर करतं. 2025 मध्ये रेपो सव्वा टक्क्याने उतरला, तरी पीपीएफ वर्षभर 7.1 वरच राहिला. तरीही 'रेपो घटला, बचतदारांना झटका' म्हणून सगळ्यांना एकाच टोपलीत टाकायचं!

असो. पुढच्या पतधोरणाला टीव्ही बंद ठेवा आणि बँकेचं पोर्टल उघडा. कर्ज कशाला बांधलंय, पुढचा रीसेट कधी, आणि मागच्या वेळी हप्ता बदलला की मुदत, एवढंच बघा.