मेट्रो साऱ्यांची, मूल्यवृद्धी मात्र कोणाची?

१ एप्रिल २०२२ पासून मुंबई, ठाणे, पुणे आणि नागपूर येथे घर विकत घेणाऱ्यास मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो. ऐंशी लाखांच्या सदनिकेवर ही रक्कम ऐंशी हजार होते. मेट्रोस पैसा हवा, याविषयी दुमत नाही. प्रश्न इतकाच की, तो कोणाकडून घ्यावा?

स्थानकापासून दहा किलोमीटर दूर, कर्ज काढून दोन खोल्या घेणारा नोकरदार हा अधिभार भरतो. स्थानकाशेजारची मोकळी जमीन वर्षानुवर्षे दाबून बसलेला धनिक मात्र, जोवर ती विकत नाही तोवर एक रुपयाही देत नाही. आणि विकली तरी मुद्रांक शुल्क भरतो तो खरेदीदारच. ज्याला लाभ त्याला सूट आणि ज्याला गरज त्याला भुर्दंड, हा कोणता न्याय?

यावरचा उपाय परदेशातून आणावयास नको. मुंबई प्रांताच्या १९१५ च्या नगररचना कायद्यापासून तो आपल्या घरातच आहे आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातही कायम आहे. नगररचना योजनेत एखाद्या भागातील सर्व जमिनी कागदावर एकत्र केल्या जातात. रस्ते, उद्याने, शाळा यांची जागा प्रत्येकाकडून थोडी थोडी काढून उरलेली जमीन सुबक भूखंडांच्या रूपाने मूळ मालकांना परत दिली जाते. सार्वजनिक कामांमुळे त्या भूखंडाचे जे मूल्य वाढते, त्याच्या निम्म्यापर्यंतचा वाटा अंशदान म्हणून वसूल करता येतो.

हिशेब उदाहरणानेच पाहू. एका शेतकऱ्याची दहा हजार चौरस मीटर जमीन आहे, भाव दोन हजार रुपये चौरस मीटर. म्हणजे एकूण दोन कोटी. योजनेत चार हजार मीटर गेले. त्याची भरपाई जुन्या भावाने ऐंशी लाख. उरलेल्या सहा हजार मीटरचे मूल्य जुन्या भावाने एक कोटी वीस लाख होते. रस्ता, पाणी, गटारे येताच भाव पाच हजार धरला तर ते तीन कोटी होते. वाढ एक कोटी ऐंशी लाखांची, तिचा निम्मा वाटा नव्वद लाख. त्यातून भरपाईचे ऐंशी लाख वजा जाता शेतकऱ्याने द्यावयाचे केवळ दहा लाख. ते देऊनही त्याच्या हाती दोन कोटी नव्वद लाखांची मालमत्ता राहते. तो उखडला गेला नाही आणि शहरास रस्ताही मिळाला.

मग हे सर्वत्र का होत नाही? दोष तत्त्वात नसून विलंबात आहे. कायद्यानुसार मूल्ये योजनेचा इरादा जाहीर झाल्याच्या दिवसाची धरली जातात. योजना अंतिम होण्यास पंधरा-वीस वर्षे लागली, तर वसुली जुन्या, झिजलेल्या रुपयांत होते आणि रस्त्याचा खर्च मात्र आजच्या भावाने करावा लागतो. अशा वेळी अंशदान नाममात्र उरते.

गुजरातने हे दुखणे ओळखले. १९७६ च्या कायद्याने जमिनीच्या फेरमांडणीची प्राथमिक योजना आणि पैशाच्या हिशेबाची अंतिम योजना वेगळ्या केल्या. १९९९ च्या दुरुस्तीने मसुदा मंजूर होताच रस्त्याची जमीन ताब्यात घेण्याची सोय झाली, तसेच पंधरा टक्क्यांपर्यंत जमीन विक्रीसाठी राखण्याची मुभा मिळाली. हे विक्रीचे भूखंड आजच्या भावाने विकले जातात. अंशदानाची झीज तेथे भरून निघते. अहमदाबादच्या सुमारे ७६ किलोमीटरच्या सरदार पटेल वर्तुळाकार मार्गासाठी जमीन मिळाली ती मुख्यतः याच रीतीने.

भरवस्तीत, जेथे इमारती उभ्या आहेत, तेथे भूखंडांची फेरमांडणी जवळपास अशक्य असते, ही या रीतीची मर्यादा मान्य केलीच पाहिजे. परंतु तेथेही स्थानकालगतच्या जमिनीवर मूल्यवृद्धीचा आकार बसविता येईल. त्यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, मालकाच्या हाती रोख पैसा नसतो. नसेल, तर जमीन विकताना अथवा बांधकाम परवानगी घेताना विक्रेत्याकडून वसूल करावा. तोवर तो जमिनीवर बोजा म्हणून नोंदवावा. दुसरा, मालक तो भार ग्राहकावरच ढकलील. परंतु स्थानकाजवळच्या घरास ग्राहक देऊ शकतो तेवढी कमाल किंमत मालक आजही घेतोच. आकारामुळे ग्राहकाची ऐपत वाढत नाही. कमी होतो तो मालकाचा आयता नफा.

तो नफा त्याच्या घामातून आलेला नाही. तो करदात्यांच्या पैशाने उभारलेल्या खांबांवर उभा आहे. त्यातील निम्मा समाजाने परत मागणे ही लूट नव्हे. लूट चालू आहे ती आज, आणि तिची पावती घर घेणाऱ्याच्या नावाने फाडली जात आहे.