दावतनाम्याचा खरा भाव

"कार्ड बारा रुपये" असं दुकानदार सांगतो, तेव्हा तो बहुधा कोऱ्या कार्डाचाच भाव असतो. समजा, निकाहसाठी ३०० कार्डं हवीत. जाड कागदाचं कार्ड १२, वलीम्याची आतली चिठ्ठी ३ आणि पाकीट ४ रुपये. ५०० प्रतींपर्यंत जुळणी, प्लेट व छपाईचे एकरकमी १,२०० रुपये, म्हणजे कार्डामागे आणखी ४. खरा भाव झाला २३ रुपये, एकूण ६,९००.

५०० कार्डं घेतली तर भाव २१.४० वर उतरतो, पण बिल १०,७०० होतं. उरलेली २०० कार्डं रद्दीत जाणार असतील, तर ही स्वस्ताई ३,८०० रुपयांना पडली. म्हणून आधी माणसं नव्हे, घरं मोजा.

निकाह आणि वलीमा दोन्हींना तेच पाहुणे असतील, तर वलीम्याचा मजकूर कार्डावरच घ्या. चिठ्ठीचे ९०० रुपये वाचतील. वलीम्याला निवडकच घरं असतील, तर चिठ्ठ्या तेवढ्याच छापा. पाकिटं मात्र वीस जास्त घ्या, नावं लिहिताना चुका होतातच. दोन दुकानांचे भाव ताडून पाहायचे, तर दोघांकडून हा हिशेब कागदावर मागा.