पत्रिकेचा रंग आणि कुंकवाचं बोट

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे मुहूर्त निघू लागतात. त्यामुळे हा अंक हातात पडेपर्यंत अल रय्यानमधल्या दोन-चार घरांत तरी लग्नपत्रिकांचे नमुने जेवणाच्या टेबलावर पसरलेले असतात. आपली लग्नं बहुतेक दोनच मोसमांत होतात. एक मार्गशीर्षात, म्हणजे नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर, कारण पुढे पौष बरीच घरं टाळतात. दुसरा वैशाख-ज्येष्ठात. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना मोठी सुट्टी असते खरी, पण तेव्हा चातुर्मास असतो. म्हणजे पत्रिका एकतर थंडीची किंवा कडक उन्हाळ्याची. रंग ठरवताना हे आधी लक्षात घेतलं की निम्मं काम सोपं होतं.

यंदाच्या सदरात एकाच पत्रिकेची गोष्ट सांगते. आमच्या कंपाउंडमधल्या एका ताईंच्या मुलीचं लग्न गेल्या मार्गशीर्षात साताऱ्याला झालं. पत्रिका साडेतीनशे. त्यातल्या तीनशे तिकडे वाटायच्या आणि पन्नास इकडे. मुलीच्या मुंबईच्या मामांनी गिरगावातल्या खाडिलकर रोडवरून, जिथे पत्रिकांची दुकानं ओळीनं आहेत, सहा नमुने पाठवले. मुलीनं मात्र फोनवर बघून आधीच ठरवलं होतं. राखाडीकडे झुकणारा फिकट हिरवा कागद आणि त्यावर सोनेरी अक्षरं. दिसत होतं छानच. साताऱ्याच्या आजींना फोटो दाखवला, तर त्यांनी एकच विचारलं, "बाळा, ह्यावर माझं कुंकू दिसेल का गं?"

सगळे हसले, पण प्रश्न अगदी नेमका होता. आपल्याकडे पत्रिका छापून आली म्हणजे तयार झाली असं नसतं. चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लागतं, पहिली पत्रिका गणपतीपुढे आणि कुलदैवतापुढे जाते, आणि मग वाटायला सुरुवात होते. म्हणजे छापखान्यानंतर पत्रिकेवर आणखी दोन रंग चढतात, आणि ते आपण बदलू शकत नाही. पिवळा आणि लाल हे दोन्ही ज्यावर उठून दिसतील, तोच कागद.

आम्ही सरळ प्रयोग केला. हळद आणि कुंकू थोड्या पाण्यात कालवून सहाही नमुन्यांना एकेक बोट लावलं आणि वाळू दिलं. फिकट हिरव्यावर कुंकू तपकिरी दिसू लागलं आणि हळद जवळजवळ हरवली. मरून कागदावर कुंकू गेलं आणि नुसती हळद राहिली. चकचकीत प्लास्टिकचा थर दिलेल्या पत्रिकेवर दोन्ही रंग ओले असताना झकास दिसले, पण वाळल्यावर बोट फिरवताच पूड होऊन गळाले. सायीच्या रंगाच्या, किंचित खरखरीत, थर नसलेल्या कागदावर दोन्ही रंग स्वच्छ दिसले आणि मुरले. कागद थर नसलेला असला की ओला रंग आत शोषला जातो, म्हणून तो टिकतो. मात्र पूर्ण वाळेपर्यंत पत्रिका मिटायची नाही, नाहीतर समोरच्या पानावर डाग उमटतो.

आता अक्षरांची शाई. जुन्या पत्रिका आठवा. पिवळसर कागद आणि लाल अक्षरं. यात परंपरा आहेच, पण छपाईचा हिशेबही आहे. ऑफसेटची शाई बरीचशी पारदर्शक असते, खालच्या कागदाचा रंग तिच्यात मिसळतो. पिवळ्या कागदावर लाल छापलं तर ते उबदार तांबडं होतं. तिथेच निळं छापलं तर हिरवट मारतं. फिकट हिरव्या कागदावर मरून छापलं तर मातकट दिसतं. म्हणून छापखान्यात नुसता शाईचा रंग सांगून भागत नाही, "ह्याच कागदावर एक प्रत काढून दाखवा" असं म्हणावं लागतं. गडद कागदावर पांढरी अक्षरं हवी असतील तर ती स्क्रीन प्रिंटिंगनं करून घ्यावी लागतात, कारण तिथे शाईचा थर जाड बसतो.

काळी शाई वाचायला सर्वांत सोपी, तरी लग्नाच्या पत्रिकेत ती बहुतेक घरांत चालत नाही. दुःखाच्या बातमीचं पत्र काळ्या शाईनं, कुंकू न लावता यायचं, ही आठवण आपल्या आजी-आजोबांच्या मनात पक्की आहे. वर्षभर काळं टाळणारी हीच माणसं संक्रांतीला हौसेनं काळी चंद्रकळा नेसतात, त्यामुळे हा प्रश्न रंगापेक्षा प्रसंगाचा आहे. त्यावर सोपा उपाय म्हणजे गडद मरून, गडद तपकिरी किंवा गडद जांभळा. वाचायला काळ्याइतकेच सोपे, आणि कुणाला खटकत नाहीत.

सोनेरीचं काय? सोनेरी दोन प्रकारे होते. एक सोनेरी शाई, जी कागदावर बसल्यावर मोहरीच्या रंगाकडे झुकते. दुसरा फॉइल, म्हणजे तापवलेल्या ठशानं दाबून चिकटवलेला पातळ चकचकीत पापुद्रा. फॉइल मोठ्या अक्षरांना शोभतो. आपल्या देवनागरीत मात्र रफार, मात्रा, जोडाक्षरं इतकी बारीक असतात की लहान अक्षरात 'ष्ट' किंवा 'श्री' यांच्या पोकळ्या बुजतात. फॉइल हलत्या उजेडात चमकतो, पण फोटोत एका बाजूनं पांढरा आणि दुसऱ्या बाजूनं काळपट येतो. इकडच्या आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांना तर पत्रिका फोटोतूनच कळणार. आम्ही नमुन्याचा फोटो काढून ताईंच्या वडिलांना पाठवला. त्यांना गणपती दिसला, वधूवरांची नावं लागली, मुहूर्ताची वेळ मात्र लागली नाही. म्हणून ठरलं की फॉइल फक्त गणपती आणि दोन नावांना, बाकी सगळा मजकूर मरून शाईत.

मरून म्हटलं की कोणता मरून, हा प्रश्न येतोच. मामांचा मरून वांग्याकडे झुकणारा, ताईंचा डाळिंबाच्या सालीसारखा, आणि फोनवर तर प्रत्येकाला वेगळाच, कारण फोनचा पडदा आतून उजळलेला असतो आणि कागदाला बाहेरचा उजेड लागतो. इथे आपल्याला एक उदाहरण रोज डोळ्यांसमोर आहे. कतारच्या झेंड्याचा मरून नावानं नाही, क्रमांकानं ठरलेला आहे, पँटोन १९५५ सी. म्हणून तो सगळीकडे सारखा दिसतो. आपणही छापखान्यात छटांच्या पुस्तिकेतून क्रमांक निवडून सांगावा. फक्त एक लक्षात ठेवायचं, क्रमांकापुढचा 'सी' म्हणजे थर दिलेला कागद आणि 'यू' म्हणजे थर नसलेला. तीच शाई थर नसलेल्या कागदावर शोषली जाऊन मंद दिसते. आपला कागद तसा असेल तर 'यू'ची पुस्तिका बघून ठरवावं. छापलेली प्रतही दुकानातल्या दिव्याखाली एकदा आणि खिडकीपाशी दिवसाउजेडी एकदा बघावी. दोन्हीकडे बरी दिसली तरच होकार द्यावा.

राहिलं पाकीट. मुलीचा हिरवा रंग आम्ही इथे वाचवला. घराण्याची आवड म्हणतात ती पाकिटात जास्त मोकळेपणानं दाखवता येते, कारण पाकिटावर मजकूर फारसा नसतो. ताईंकडचं घर साधं, एका घडीची पत्रिका पसंत करणारं. मुलीची पैठणी मात्र गडद हिरवी, मरून काठाची. म्हणून फिकटाऐवजी त्या पैठणीचा गडद हिरवा पाकिटाला घेतला. आतली सायीच्या रंगाची पत्रिका बाहेर काढताना हिरव्यातून मरून अक्षरं दिसतात, आणि हेच दोन रंग पुढे मांडवात दिसणार असतात. मार्गशीर्षातल्या संध्याकाळच्या लग्नाला हे गडद रंग शोभतात. हेच लग्न वैशाखात असतं तर मी पाकीट कैरीच्या फिकट हिरव्याचं किंवा मोगऱ्यासारखं पांढरं सुचवलं असतं आणि मरून फक्त अक्षरांत ठेवला असता. भर दुपारी दारात उभं राहून हातात घेतलेलं गडद, मखमली पाकीट डोळ्यांना जड वाटतं.

गडद पाकिटाच्या दोन अडचणी असतात. पहिली, त्यावर पेनानं लिहिलेलं नाव दिसत नाही. आम्ही सायीच्याच कागदाची साडेतीन बाय दोन इंचांची पट्टी प्रत्येक पाकिटावर चिकटवली. नाव तिच्यावर, आणि पाकिटाचं हळद-कुंकूही तिच्याच कोपऱ्यात. दुसरी अडचण ओलाव्याची. गडद रंगवलेला कागद ओलसर झाला तर आतल्या फिकट पत्रिकेला रंग लागतो. ते ओळखायला ओलं बोट पाकिटावर घासून पांढऱ्या रुमालाला पुसायचं. रुमालावर रंग आला तर ते पाकीट घ्यायचं नाही. कोकणात ज्येष्ठातलं लग्न असेल किंवा पत्रिका ऑगस्टच्या दमट हवेत दोह्यात येऊन पडणार असतील, तर डिंकाची पाकिटंही टाळावीत. ती न लिहिताच आपली आपण चिकटतात. कागद सोलून चिकटवायची पट्टी असलेली घ्यावीत.

वजनाचाही हिशेब सांगते, कारण पत्रिका इकडे कुणाच्या तरी बॅगेतूनच येतात. मिटल्यावर पाच बाय सात इंचांची, जाड ३०० जीएसएमच्या कागदाची एका घडीची पत्रिका साधारण १४ ग्रॅमची होते, पाकीट धरून वीस-बावीस. म्हणजे पन्नास पत्रिका एक किलोच्या थोड्या वर. पेटीतली किंवा मखमलीची पत्रिका याच्या कितीतरी पट भरते, आणि आणणाऱ्याच्या बॅगेतलं तेवढं तूप आणि भाजणी घरी राहते.

शेवटची प्रत साताऱ्याला गेली. आजींनी ती खिडकीपाशी नेली, चष्मा न लावता मुहूर्ताची वेळ मोठ्यानं वाचली आणि मगच कुंकवाचा करंडा मागितला. मुलीला हिरवा मिळाला, आजींना कुंकू दिसलं. यंदा ज्यांच्या टेबलावर नमुने पसरले असतील त्यांनी आधी ओलं कुंकू लावून बघावं, मग शाई ठरवावी, आणि पाकिटाचा रंग सर्वांत शेवटी निवडावा. आपण बहुधा उलट क्रमानं जातो, आणि मग पाकिटासाठी पत्रिका बदलत बसतो.