तुझं चॅट, त्याचा लॅपटॉप

‘ताईला माझ्याबद्दल असं का लिहिलंस?’

कँटीनमध्ये बॉयफ्रेंडने हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या हातातला चहा तसाच राहिला. कारण ते तिने फक्त ताईला लिहिलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्री साडेअकराला, हॉस्टेलच्या बेडवर पांघरुणात शिरून. ताई नाशिकला, आणि ती काही स्क्रीनशॉट काढून याला पाठवणाऱ्यातली नाही. मग याला कळलं कसं?

पुढचे आठ-दहा दिवस मैत्रिणीने सुचेल ते केलं. फोनचा लॉक बदलला. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावला. एक अँटिव्हायरस टाकला. रूममेटचा सल्ला ठरलेला, ‘हॅक झालाय फोन, फॉरमॅट मार.’ एवढं करूनही तो बोलता बोलता असं काहीतरी सांगून जायचाच, जे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. शेवटी एका सीनियरने तिला व्हॉट्सअ‍ॅपमधलं एक पान उघडायला लावलं. Linked devices. तिथे एकच ओळ होती, Google Chrome (Windows), आणि खाली शेवटच्या वापराची वेळ त्याच दिवशी पहाटे दोनची. मैत्रिणीकडे लॅपटॉपच नाही.

मग तिला आठवलं. दोन महिन्यांपूर्वी प्रोजेक्ट सबमिशनची धावपळ होती. फाइल तिच्या चॅटमध्ये आणि लॅपटॉप त्याचा. ‘दे फोन, एका मिनिटात उतरवून घेतो.’ स्क्रीनवर क्यूआर कोड आला, तिच्या फोनने अंगठा मागितला, तो तिने स्वतः लावला आणि त्याने फोन कोडवर धरला. प्रिंट निघाली, सबमिशन झालं. लॉगआउट कुणीच केलं नाही. ती विसरली होती. तो विसरला नव्हता.

या प्रकाराला आपण सगळे ‘हॅकिंग’ म्हणतो. मला हा शब्द इथे चुकीचा वाटतो, आणि नुसता चुकीचा नाही तर घातकही. हॅकिंग म्हटलं की डोळ्यांसमोर काळ्या स्क्रीनवर कोड टाइप करणारा कुणी अनोळखी येतो, आणि आपण व्हायरस शोधत बसतो. इथे कुठलंही कुलूप तुटलेलं नाही. त्याच कुलपाची दुसरी किल्ली बनली आहे, आणि ती बनवायला परवानगी आपणच दिली आहे.

हे नेमकं होतं कसं, ते एकदा समजून घ्या. लॅपटॉपवर दिसणारा क्यूआर कोड म्हणजे त्या लॅपटॉपची ओळखचिठ्ठी. तुमचा फोन ती वाचतो आणि ‘हे माझंच डिव्हाइस आहे’ अशी सही करून देतो. त्यानंतर तुम्हाला येणारा प्रत्येक मेसेज तुमच्या फोनसाठी वेगळा आणि त्या लॅपटॉपसाठी वेगळा कुलूपबंद होऊन निघतो. म्हणजे ज्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शनचा आपल्याला एवढा भरवसा असतो, ते शंभर टक्के चोख काम करत असतं. फक्त दुसऱ्या टोकाला तुमच्या सोबत आणखी एक जण बसलेला असतो. शिवाय जोडणी होतानाच फोन अलीकडची जुनी चॅट्सही त्या डिव्हाइसला देऊन टाकतो. त्यामुळे पुढचंच नाही, मागचंही वाचता येतं.

पूर्वी व्हॉट्सअ‍ॅप वेब चालायला तुमचा फोन चालू आणि नेटवर असावा लागायचा. २०२१ नंतर आलेल्या नव्या पद्धतीत ती अट गेली. आता चार डिव्हाइसपर्यंत जोडता येतात आणि तुमचा फोन बंद असला तरी ती चालतात. मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही, तर ती आपोआप सुटतात. पण आपल्यापैकी कोण १४ दिवस व्हॉट्सअ‍ॅप न उघडता राहतं? म्हणजे आपल्याच रोजच्या वापरामुळे ती चोरटी जोडणी जिवंत राहते.

आता मैत्रिणीचे उपाय का फसले, ते लक्षात येईल. टू-स्टेपचा पिन लागतो तो तुमचा नंबर नव्या फोनवर नव्याने रजिस्टर करताना. आधीच जोडलेल्या लॅपटॉपला तो कुणी विचारत नाही. फोनचा लॉक बदलल्याने पुढची जोडणी अवघड होते, झालेली तुटत नाही. आणि अँटिव्हायरसला काही सापडणार नाही, कारण फोनमध्ये काही घुसलेलंच नाही.

बाहेरून काही कळतं का? थोडंफार. तुम्ही न उघडलेला मेसेज वाचलेला दिसत असेल, समोरचा म्हणत असेल ‘ब्लू टिक आल्या, उत्तर का नाही दिलंस?’, तर शंका घ्या. जोडलेल्या डिव्हाइसवर चॅट उघडलं की ते तुमच्या फोनवरही वाचलेलं दिसतं. पण हुशार माणूस तुम्ही आधी वाचलेलीच चॅट्स उघडतो, आणि मग काहीच खूण राहत नाही. म्हणून खुणांची वाट बघण्यात अर्थ नाही. यादी बघणं हाच खरा उपाय.

आता हातातला फोन घ्या. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप उघडून वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर टॅप करा, तिथे Linked devices आहे. आयफोनवर ते सेटिंग्जमध्ये सापडेल. यादी रिकामी असेल तर छान. ओळ असेल तर स्वतःला दोन प्रश्न विचारा: हे डिव्हाइस माझं आहे का, आणि शेवटच्या वापराच्या वेळी मीच त्यावर होतो का? नावावर जाऊ नका. Google Chrome (Windows) हे तुमच्या लॅपटॉपचंही नाव असू शकतं आणि कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या पीसीचंही. खात्री नसेल तर त्या ओळीवर टॅप करून Log out करा. आपलंच निघालं, तर पुन्हा जोडायला अर्धा मिनिट लागतो.

फक्त एक घाई करू नका. लॉगआउट केलं की ती ओळ यादीतून जाते, म्हणून आधी तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा. उद्या तक्रार करायची झाली तर तोच हाताशी असेल. आणि समोरचा माणूस तापट किंवा धमकावणारा असेल, तर लॉगआउट होताच त्याला ते कळणार हे गृहीत धरा. आधी घरच्यांना किंवा विश्वासातल्या कुणाला तरी सांगा, मग बटण दाबा. त्यानंतर फोनचा पिन बदला आणि फोनमध्ये दुसऱ्या कुणाचं फिंगरप्रिंट सेव्ह आहे का तेही बघा. कारण जोडणी करताना फोन अंगठा किंवा पिन मागतो. त्याला तुमचा पिन माहीत असेल, तर पुढच्या वेळी तुमच्या अंगठ्याची गरजही नाही.

या तपासणीची मर्यादाही सांगायला हवी. फोनमध्येच पाळत ठेवणारं अ‍ॅप टाकलेलं असेल, तर ते या यादीत दिसणार नाही. आणि लॉगआउटने दार बंद होतं, पण वाचून झालेलं आणि स्क्रीनशॉट काढलेलं परत येत नाही.

हे फक्त ओळखीच्या माणसांपुरतं आहे, असंही समजू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘स्टार ब्लिझार्ड’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या रशियन हेरगटाने हेच केलं, आणि मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२५ मध्ये ते उघड केलं. युक्रेनला मदत करणाऱ्या संस्थांबद्दलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं आमंत्रण ईमेलने यायचं. त्यातला क्यूआर कोड मुद्दाम बिघडलेला असायचा. समोरच्याने ‘चालत नाही’ असं उत्तर पाठवलं की मासा गळाला लागला. मग दुसरी लिंक यायची, आणि त्या पानावरचा कोड ग्रुपचा नसायचा, डिव्हाइस जोडण्याचा असायचा. स्कॅन करणाऱ्याला वाटायचं आपण ग्रुपमध्ये चाललोय. प्रत्यक्षात त्याचं खातं हेरांच्या हाती जायचं.

आता ‘युक्रेन’च्या जागी ‘प्लेसमेंट’, ‘इंटर्नशिप’ किंवा ‘फ्री नोट्स’ हे शब्द ठेवून बघा. आपण दिवसाला किती ग्रुप जॉइन करतो! यासाठी एकच नियम पुरेसा आहे. ग्रुप जॉइन करायला, मत द्यायला, सर्टिफिकेट घ्यायला किंवा बक्षीस मिळवायला Linked devices मध्ये कधीच जावं लागत नाही. कुठलंही पान ‘Link a device दाबा आणि हा कोड स्कॅन करा’ म्हणालं, किंवा फोनने अचानक अंगठा मागितला, तर तिथेच थांबा. त्या अंगठ्याचा अर्थ एकच असतो: ‘हो, हे डिव्हाइस माझं आहे.’

पण मला जास्त काळजी हेरांची नाही, कँटीनमधल्या त्या प्रश्नाची वाटते. ‘लपवण्यासारखं काही नाही ना, मग प्रॉब्लेम काय?’ हे वाक्य आपल्या वयात सर्रास ऐकू येतं, आणि त्याला प्रेम किंवा काळजी असं गोंडस नावही मिळतं. रूममेट गंमत म्हणून करतो, भाऊ ‘तुझ्या भल्यासाठी’ करतो. मैत्रिणीच्या ताईचं काय? तिने स्वतःच्या लग्नातल्या अडचणी बहिणीला विश्वासाने सांगितल्या होत्या, आणि त्याही तो वाचत होता. तिच्या परवानगीचा तर प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. चॅट कधीच एकाचं नसतं. तुमच्या फोनमध्ये तुमच्यावर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांची गुपितं असतात.

कायदाही याला गंमत मानत नाही. एखाद्या पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. कंप्युटर किंवा फोनमध्ये परवानगीशिवाय शिरणाऱ्यासाठी आयटी कायदा आहे, मग तो मुलगा असो की मुलगी. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते.

मैत्रिणीने स्क्रीनशॉट काढला, ताईला फोन केला आणि मग Log out दाबलं. वीस मिनिटांत त्याचा मेसेज आला, ‘माझ्यावर विश्वास नाही का तुझा?’ तिने उत्तर दिलं नाही. त्या रात्री तिने ताईला पुन्हा लांबलचक मेसेज लिहिला, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदाच तो फक्त ताईने वाचला.