तिसरीत आहे, पण वाक्य अडखळतंय? शनिवारच्या एका मिनिटापासून आठवड्याचं वाचन असं आखा

तिसरीतली एक मुलगी. मराठीच्या पुस्तकातला पहिला धडा ती धडाधडा म्हणून दाखवते. घरचे खूश. मग त्याच धड्यातल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून, उलट्या क्रमाने एकेक शब्द विचारला, की गाडी थांबते. 'खिडकी'ला ती 'खडकी' म्हणते, 'दिवा'ला 'दवा'. धडा वाचला जात नव्हता, कानावर पडून पाठ झालेला होता.

हे चित्र दुर्मीळ नाही. 'प्रथम'च्या असर २०२४ अहवालानुसार देशभरातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे अडखळणारं मूल हा वर्गातला अपवाद नसतो. तरीही घरात त्यावर उपाय म्हणून तीनच गोष्टी होतात: शिकवणी लावायची, धडा पाच वेळा लिहायला लावायचा, किंवा 'रोज अर्धा तास वाच' असं सांगून मोकळं व्हायचं. यातली एकही गोष्ट मूल नेमकं कुठे अडतं, हे शोधत नाही. ते शोधायला एक मिनिट लागतं.

आधी मोजा, मग शिकवा

दुसरीच्या पातळीचा, मुलाने कधीही न पाहिलेला साठेक शब्दांचा मजकूर घ्या. बालभारतीची जुन्या इयत्तांची पुस्तकं ऑनलाइन मोफत मिळतात, प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत. फोनवर एक मिनिटाचा टायमर लावा. मूल वाचत असताना आपल्याजवळच्या प्रतीवर चुकलेल्या शब्दांवर खूण करा आणि शेजारी त्याने काय म्हटलं ते लिहा. मध्ये टोकू नका. मिनिट संपलं की वाचलेल्या शब्दांतून चुकलेले वजा करा.

आपल्या उदाहरणातल्या मुलीने एका मिनिटात २७ शब्द वाचले, ५ चुकले. म्हणजे २२ बरोबर. 'निपुण भारत' अभियानात दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीसाठी किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं लक्ष्य आहे. २२ आणि ६० शेजारी ठेवले की पालकांच्या पोटात गोळा येतो. तो थोडा कमी व्हायला हवा, कारण हा आकडा सगळ्या भाषांना एकाच मापाने मोजतो. हिंदीत 'स्कूल के सामने वाला पेड़' हे पाच शब्द होतात, मराठीत 'शाळेसमोरचं झाड' हे दोनच. मराठी प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे शब्द लांब होतात आणि तेवढाच मजकूर वाचून शब्दसंख्या कमी भरते. ६० हा आकडा दिशा म्हणून ठीक आहे. पण घरात तुलना करायची ती मुलाच्या मागच्या शनिवारच्या आकड्याशी.

आकड्याहून महत्त्वाची आहे ती चुकांची यादी. या मुलीच्या पाच चुका अशा: दिवा-दवा, खिडकी-खडकी, मिळते-मळते, पिशवी-पशवी आणि 'स्वच्छ'पाशी ती थांबलीच. पाचपैकी चार चुका एकाच जागी आहेत, ऱ्हस्व वेलांटीवर. अक्षरं तिला येतात. जोडाक्षरांचा प्रश्न आहे, पण तो नंतरचा.

वेलांटीच का?

देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढतात, पण तिचा उच्चार अक्षराच्या नंतर होतो. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या डोळ्याला आधी वेलांटी दिसते, तोंडाला मात्र आधी 'ख' म्हणायचा असतो. ज्या मुलाचं वाचन अजून अक्षर-अक्षर आहे, ते ही खूण सोडून देतं आणि पुढच्या ओळखीच्या अक्षरावर उडी मारतं. काना, दीर्घ वेलांटी अक्षराच्या नंतर येतात, म्हणून तिथे हा घोळ कमी होतो.

बाराखडी घोकण्याची मर्यादाही इथेच दिसते. 'क का कि की' हा क्रम मुलीला तालासुरात पाठ असतो. पण मधूनच 'टि' दाखवला की तिला 'ट टा' पासून सुरुवात करावी लागते. म्हणजे तिच्याकडे गाणं आहे, ओळख नाही. बाराखडी म्हणून घ्यायला हरकत नाही, फक्त ती वाचनाचा सराव आहे असं समजू नये.

सोमवार ते शुक्रवार, रोज वीस मिनिटं

पहिला निर्णय मजकुराचा. २७ शब्दांत ५ चुका म्हणजे जवळपास दर पाचवा-सहावा शब्द चुकतोय. दहा शब्दांमागे एकाहून जास्त चूक होत असेल, तर तो मजकूर सरावासाठी कठीण समजावा. म्हणून या मुलीला पहिलीच्या पातळीवर उतरवायचं. 'तिसरीत असून पहिलीचं पुस्तक' याची लाज घरच्यांना वाटते, मुलीला नाही. तिला वाचता येणारा मजकूर हवा असतो.

पहिली पाच मिनिटं कार्डांची. जुन्या पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर ख-खि-खी, द-दि-दी, म-मि-मी लिहायचं आणि पत्ते पिसून दाखवायचं, क्रमाने कधीच नाही. दोन-तीन दिवसांत जोड्यांवर यायचं: दवा-दिवा, पता-पिता, खडकी-खिडकी, मळते-मिळते. वेलांटी सोडली की अर्थ बदलतो, हे मुलीला या जोड्यांतून स्वतःच कळतं.

पुढची पाच मिनिटं शब्द जोडण्याची. शब्दावर कागद झाकायचा आणि उजवीकडे सरकवत उघडायचा: पि, पिश, पिशवी. प्रत्येक वेळी सुरुवातीपासून, न तोडता म्हणायचं. 'प ला वेलांटी पि, श, व ला वेलांटी वी' अशी सवय असेल, तर मूल शेवटच्या अक्षरापर्यंत पोचेतो पहिलं विसरतं. 'टिपत', 'कमळ' अशा शब्दांत शेवटचं अक्षर लांबवू द्यायचं नाही, बोलताना म्हणतो तसंच म्हणायचं.

उरलेली दहा मिनिटं उताऱ्याची. उतारा घरी लिहिला तरी चालतो. या मुलीसाठी सुरुवात अशी होऊ शकते:

'निमाची मांजर खिडकीत बसली. खाली चिमणी दाणे टिपत होती. मांजर हळूच निघाली. चिमणी उडाली. मांजर परत खिडकीत बसली.'

हे अठरा शब्द आहेत, त्यातल्या सातांत ऱ्हस्व वेलांटी आहे आणि जोडाक्षर एकही नाही. असाच पुढे वाढवून साठ शब्दांचा करायचा. सोमवारी मूल तो आधी एकटं वाचेल, मिनिट लावून. मग मोठ्या माणसाने बोट फिरवत, बोलण्याच्या लयीत वाचायचा, नंतर दोघांनी एकत्र, नंतर पुन्हा एकटीने. मंगळवार ते शुक्रवार तोच उतारा रोज दोन-तीनदा. रोज एखादा प्रश्न हवा: 'मांजर परत का बसली?' उत्तर वाक्यात शोधता आलं नाही, तर वेग कितीही असो, ते वाचन झालेलं नाही.

सगळ्यात जास्त बिघडतं ते चूक सुधारताना. मुलगी 'खडकीत' म्हणाली की आई लगेच 'खिडकीत!' म्हणून मोकळी होते आणि मुलगी डोळे कागदावरून उचलून आईच्या तोंडाकडे बघायला शिकते. त्याऐवजी तीन सेकंद थांबायचं. तरी जमलं नाही तर वेलांटीवर बोट ठेवायचं.

"बघ गं, ख च्या आधी काय आहे?"

"वेलांटी... खि. खिडकीत!"

"हां. आता पूर्ण ओळ परत वाच."

पूर्ण ओळ परत वाचणं महत्त्वाचं, कारण सुटा शब्द सुधारला तरी वाक्याची लय तुटलेलीच राहते. तिसऱ्यांदाही अडलं तर शब्द सांगून टाकायचा. ती परीक्षा नाही.

शनिवारचा आकडा खरा

आठवडा कसा गेला ते पाहू. सोमवारी नव्या, सोप्या उताऱ्यावर मुलीचे ३० शब्द बरोबर आले. शुक्रवारी त्याच उताऱ्यावर ४६. घरात आनंद. शनिवारी त्याच पातळीचा, न पाहिलेला उतारा दिला, तर ३१. 'आठवडाभर केलं काय मग?' हा प्रश्न इथे येतोच, आणि बहुतेक घरांत योजना याच शनिवारी बंद पडते.

४६ हा आकडा खोटा नाही, पण त्यातला बराच भाग त्या उताऱ्याच्या ओळखीचा आहे. प्रवाही वाचन कसं लागतं याचा अनुभव मुलीला त्यातून मिळतो, म्हणून तो सराव करायचा. प्रगती मात्र नव्या मजकुरावरच्या आकड्यानेच मोजायची, आणि ती ३० वरून ३१ झाली आहे. त्या दिवशी चुकांची यादी पुन्हा बघायची. सोमवारी तीन चुकांपैकी तीनही वेलांटीच्या होत्या, शनिवारी तीनपैकी एकच. वेग अजून यायचा आहे, पण छिद्र बुजतंय. पुढच्या आठवड्यात वेलांटीची कार्डं दोन मिनिटांवर आणून, यादीत आता जे वर आलं असेल ते घ्यायचं, मग ते उकार असो, 'घ-ध', 'भ-म' असो की जोडाक्षरं. नव्या उताऱ्यावर वीस शब्दांमागे एकाच चुकीपर्यंत मूल आलं, की दुसरीच्या पातळीवर चढवायचं. तिथे आकडा पुन्हा घसरेल. तो घसरणारच.

या आखणीच्या मर्यादाही आहेत. ज्या मुलाला सुटी अक्षरंच ओळखता येत नाहीत, त्याला उतारा देण्यात अर्थ नाही, त्याची सुरुवात अक्षरांपासून होते. घरात कोणालाच मराठी वाचता येत नसेल, तर हे वीस मिनिटांचं काम शाळेलाच करावं लागेल आणि पालकांनी शाळेत जाऊन ते मागायला हवं. 'आमच्या मुलीला वाचता येत नाही' एवढंच सांगण्यापेक्षा चुकांच्या याद्यांची वही बाईंपुढे ठेवली, तर बोलणं लवकर मुद्द्यावर येतं.

आठ-दहा आठवडे नियमित करूनही नव्या मजकुरावरचा आकडा हलला नाही, किंवा आज पक्की झालेली अक्षरं चार दिवसांनी पुसली जात असतील, तर सराव वाढवू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत, शाळांमध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हाही हे होऊ शकतं. त्यात काही आढळलं नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. तिथेही आठवड्यांची ती वही सोबत न्यावी. तपासणाऱ्याला नुसत्या गुणपत्रिकेतून जे कळत नाही, ते त्यात तारखेनिशी लिहिलेलं असतं.